शेठच्या फोनमधली नोकरी

पुणतांब्याच्या माझ्या एका वर्गमित्राच्या मुलाची ट्रान्सपोर्टची फर्म आहे. सुरुवातीला दोन गाड्या होत्या. एक तो स्वतः चालवायचा आणि दुसरीवर त्याचा मावसभाऊ असायचा. कांदा वाशीला न्यायचा आणि परतीला मिळेल ते भरून आणायचं, असा धंदा होता. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि नागपूरची भाडी आवाक्यात आली. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला, तेव्हा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता जोडला गेला. तोवर गाड्या दोनाच्या अठरा झाल्या होत्या. शिवाय हंगामात बाजारातून घेतलेल्या दहा-बारा वेगळ्या. गाड्या वाढल्या, पण फोन एकच राहिला, त्याचा, म्हणजे शेठचा.

मी पुण्याच्या बाजूला मालवाहतुकीत उमेदीची वर्षं काढून गावाकडे परतलेला माणूस. एक दिवस तो म्हणाला, "काका, ऑपरेशन्स मॅनेजर ठेवायचाय. जाहिरात आणि मुलाखतीचे प्रश्न तेवढे काढून द्या." सोबत त्याने कुठूनतरी मिळवलेला नमुना दिला. उमेदवार गतिमान असावा, दबावाखाली काम करणारा असावा, नेतृत्वगुण असावेत, एकाच वेळी अनेक कामं हाताळता यावीत, असं त्यात होतं. हे वाचून बँकेचा शाखाधिकारीही अर्ज करू शकला असता आणि हॉटेलचा व्यवस्थापकही. गाडीचा, मालाचा, रस्त्याचा त्यात कुठे पत्ताच नव्हता.

मी त्याला म्हटलं, "जाहिरात नंतर लिहू. आधी तुझ्या फोनवर आठवडाभर कोणकोण काय विचारतंय ते वहीत उतर. कोणाचा फोन, काय विचारलं, तू काय सांगितलंस. एवढंच."

वही आली तेव्हा बहुतेक काम झाल्यातच जमा होतं. दिवसाला साठ-सत्तर फोन होते. त्यातले निम्मे एकाच जातीचे होते: कोणती गाडी कोणत्या भाड्याला लावायची, आणि आधी सांगितलेली गाडी वेळेत पोचत नसेल तर तिच्या जागी कोणती. त्याखालोखाल पैशांचे फोन. डिझेलला किती टाकू, टायर फुटलाय, नवा घेऊ की रिमोल्ड बसवू, हमाल जास्त मागतायत. मग रस्त्यावरचे. गाडी बंद पडली, अडवली, दोन दिवस खाली होत नाही, ड्रायव्हर फोन उचलत नाही. सर्वांत कमी फोन पोच पावतीचे होते. सगळी नोंद वाचल्यावर मला तीच काळजीची बाब वाटली. माल पोचल्याची सही-शिक्क्याची बिल्टी परत आल्याशिवाय ग्राहक बिल घेत नाही आणि बिल घेतल्याशिवाय पैशांचा महिना-दीड महिना मोजायला सुरुवात होत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी क्वचितच कोणी फोन करत होतं, म्हणजे तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. पुढे कपाटात पाहिलं तर कित्येक पावत्या ड्रायव्हरांच्या केबिनमधून, घडी पडलेल्या आणि डिझेलचे डाग लागलेल्या अवस्थेत, आठवड्यांनी येत होत्या.

कामाचं वर्णन आम्ही या वहीतून लिहिलं. गुणांची यादी काढून टाकली आणि तिच्या जागी निर्णयांचे तीन कप्पे केले. पहिल्या कप्प्यात मॅनेजर कोणालाही न विचारता घेईल ते निर्णय: गाडी लावणं, आपली गाडी नसेल तर ठरलेल्या दराच्या मर्यादेत बाजारातली घेणं, ड्रायव्हर बदलणं, रस्त्यावर दहा हजारांपर्यंतची दुरुस्ती करून घेणं. दुसऱ्यात आधी करायचे आणि संध्याकाळी शेठला सांगायचे निर्णय: ग्राहकाकडे हॉल्टिंगचे पैसे मागणं, परतीचं भाडं सोडून गाडी रिकामी बोलावणं. तिसऱ्यात आधी विचारायचे निर्णय: नवा ग्राहक उधारीवर घेणं, माल कमी भरल्याच्या तक्रारीत रक्कम कापून देणं, ड्रायव्हरला कायमचा काढणं.

शेठला पहिला कप्पा झेपेना. "दहा हजार जास्त होतात, काका. दोन हजार ठेवा." दोन हजारांत रस्त्यावर होऊन होऊन पंक्चर निघतं. समृद्धीवर रात्री दोन वाजता टायर गेला, तर मर्यादा दोन हजारांची असलेला मॅनेजर काय करणार? शेठलाच उठवणार. मग पगार देऊन ठेवलेला माणूस फक्त निरोप्या ठरतो. आम्ही वहीतल्या खर्चाच्या नोंदी समोर ठेवल्या. दहा हजारांच्या आतले खर्च संख्येने फार होते, पण त्यांची महिन्याची बेरीज डिझेलच्या खर्चापुढे किरकोळ होती. रक्कम कागदावर दिसल्यावर त्याने मान्य केलं.

चौथा भाग मोजमापाचा. इथे पाच-पंधरा आकडे लिहायचा मोह होतो. आम्ही तीनच ठेवले. माल उतरल्यापासून सात दिवसांत पोच पावती हातात यावी. प्रत्येक गाडीच्या महिन्याच्या एकूण धावेत रिकामी धाव किती, ते कळावं. आणि ग्राहकाने सांगितलेल्या वेळेला गाडी लागली की नाही, याची नोंद असावी. डिझेलची सरासरी मी जाणूनबुजून वगळली. ती ड्रायव्हरवर, रस्त्यावर आणि भरलेल्या वजनावर अवलंबून असते. मॅनेजरच्या पगाराला ती जोडली की आकडा सुधारण्यासाठी तो जड भाडी टाळायला लागतो.

शेवटी, जे करायचं नाही ते लिहिलं. काट्यावर वजन जास्त भरलं तर गाडी हलणार नाही. हे लिहायला लागलं, कारण ग्राहक "सगळे नेतात हो" म्हणतो आणि तोवर ताडपत्री बांधूनही झालेली असते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर दर टनाला दोन हजार असा दंड आहे. तीन टन जास्त असेल तर २६ हजार आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. नागपूरच्या एका फेरीचं भाडं त्यात जातं.

आता मुलाखत. उमेदवार खुर्चीत बसवून "तुमच्या जमेच्या बाजू सांगा" म्हटलं की तो पाठ केलेलं सांगतो. आम्ही प्रत्येकाला आधी यार्डात अर्धा तास फिरवलं, मग एक कागद हातात दिला. त्यावर एक संध्याकाळ लिहिलेली होती. आकडे आम्ही प्रश्नासाठी धरलेले होते, पण बाजाराला सोडून नव्हते.

आपली दहा चाकी नागपूरला साखर उतरवून रिकामी झाली आहे. संध्याकाळचे सात वाजलेत. तिथला दलाल म्हणतो, उद्या संध्याकाळी इकडच्या बाजूचं बावीस हजारांचं भाडं भरून देतो. अंतर साडेपाचशे किलोमीटर धरा. रिकामी गाडी लिटरला पाच किलोमीटर देते, भरलेली चार. डिझेल नव्वद रुपये. टोल दोन्ही वेळेला सारखाच. हमाली, दलाली आणि जादा भत्ता मिळून अडीच हजार. थांबायचं की रिकामं यायचं?

हिशेब अवघड नाही. भरून आली तर साडेपाचशेला सुमारे १३७ लिटर, म्हणजे १२,४०० रुपयांचं डिझेल. बावीस हजारांतून ते आणि अडीच हजार गेले की ७,१०० उरतात. रिकामी आली तर ११० लिटर, म्हणजे ९,९०० रुपये खिशातून जातात. दोन्हींतलं अंतर १७ हजार. बहुतेक उमेदवार इथपर्यंत आले आणि म्हणाले, थांबायचं.

पण प्रश्न इथे संपत नव्हता. एकाने गाडीचा हप्ता, विमा, ड्रायव्हरचा पगार यांची रोजची वाटणी काढून ती सतरा हजारांतून वजा केली. कष्ट प्रामाणिक होते, पण हिशेब चुकीचा. हप्ता गाडी नागपुरात उभी असली तरी जातो आणि पुणतांब्यात उभी असली तरी जातो. थांबण्याची खरी किंमत म्हणजे तेवढ्या दिवसात ती गाडी इकडे काय कमावणार होती, ते. आणि ते कागदावर आम्ही मुद्दाम लिहिलं नव्हतं.

ज्याने ते विचारलं, त्याच्याशी आम्ही पुढे बोललो. "उद्या आणि परवा या गाडीला इकडे काय काम आहे?" असं त्याने विचारल्यावर शेठने सांगितलं की रोजची एक फेरी आहे, सगळा चालू खर्च वजा जाता आठ हजार सुटतात. मग उत्तर आपोआप बाहेर येतं. एक दिवस थांबलं तर आठ हजार बुडतात, सतरा मिळतात, म्हणजे थांबावं. दलालाचा 'उद्या' परवावर गेला, तर सोळा बुडतात, म्हणजे जवळजवळ बरोबरी. तिसऱ्या दिवशी तोटा. म्हणून दलालाला उद्या संध्याकाळची वेळ द्यायची, आणि परवा दुपारपर्यंत माल हलला नाही तर गाडी सोडवून घ्यायची, हे ड्रायव्हरला आजच सांगून ठेवायचं. थांबायचं की नाही यापेक्षा किती वेळ थांबायचं, हे ठरवता येणारा माणूस आम्हाला हवा होता. शिवाय सगळा धंदा रुपयांत मोजता येत नाही. परवा त्याच गाडीने कारखान्याची ठरलेली साखर उचलायची असेल, तर बरोबरीचा हिशेब कामाचा नाही. तिथे बाजारातली गाडी लावायची सोय आहे का, हा पुढचा प्रश्न.

दुसरा प्रश्न कागदांचा. साखरेची गाडी जालन्याच्या पुढे बंद पडली आहे, माल दुसऱ्या गाडीत भरायचा आहे. कोणते कागद बदलाल? ई-वे बिलाच्या भाग बमध्ये नव्या गाडीचा नंबर टाकल्याशिवाय ती गाडी हलवायची नाही, हे उत्तर. मुदतही पाहायची. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे साडेपाचशेला तीन दिवस, आणि मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याच्या आधीचे आठ तास किंवा नंतरचे आठ तास एवढीच खिडकी असते. ती चुकली तर काय होतं, ते मी पुढे विचारायचो. अठरा टन साखर चाळीस रुपये किलोने धरली तर सव्वासात लाखांच्या आसपासचा माल. पाच टक्क्यांनी कर ३६ हजार, आणि माल अडकला तर दंड कराच्या दुप्पट, म्हणजे ७२ हजारांपर्यंत. एका न टाकलेल्या नंबरापायी भाड्याच्या कितीतरी पट रक्कम पणाला लागते, हे ज्याला सांगता आलं, त्याने हे काम केलं होतं असं समजायला हरकत नव्हती.

याच प्रश्नाला एक शेपूट होतं. "आणि त्या गाडीत साखरेऐवजी कांदा असता तर?" ताज्या कांद्यावर जीएसटी नाही आणि करमुक्त मालाला ई-वे बिल लागत नाही. मोठ्या कुरिअर कंपनीच्या गोदामातून आलेला एक हुशार उमेदवार इथे अडला. त्याच्याकडे प्रत्येक खोक्यावर बारकोड होता आणि कागद संगणकातून आपोआप निघायचे. त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. पण आमच्याकडे एप्रिल-मे हे महिने कांद्यावरच जातात आणि कांद्याला कागदाची घाई नसली तरी वेळेची असते. उन्हात ताडपत्रीखाली एक दिवस जास्त थांबला की गोणीतून पाणी सुटायला लागतं, आणि मग वाशीचा व्यापारी भाव पाडून मागतो.

तिसरा प्रश्न ड्रायव्हरचा. पहाटे वाशीहून परतलेला ड्रायव्हर दुपारभर घरच्या लग्नात होता. रात्री नऊला नागपूरची गाडी सोडायची आहे आणि तो म्हणतो, मी ठणठणीत आहे. पाठवाल? समृद्धी सरळ आणि काँक्रीटचा. खड्डा नाही, वळण नाही, समोरून गाडी नाही. जुन्या रस्त्यावर खड्डा आणि वळण माणसाला जागं ठेवायचे, इथे झोप यायला काही अडथळाच नाही. तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगाने धावून झिजलेले टायरही तिथेच दगा देतात. जवळजवळ सगळ्यांनी "नाही पाठवणार" असंच सांगितलं, कारण मुलाखतीत दुसरं उत्तर कोण देतं? म्हणून खरा प्रश्न त्यानंतरचा होता: "मग गाडी कोण नेणार, आणि ग्राहकाला आता काय सांगणार?" एकाने सांगितलं, गाडी पहाटे चारला सोडू, ग्राहकाला आत्ताच फोन करून उद्या दुपारऐवजी संध्याकाळ सांगू, आणि नागपूरच्या गोदामाची माल उतरवून घ्यायची वेळ विचारून घेऊ. संध्याकाळी गोदाम बंद होत असेल तर घाईला अर्थच नाही, गाडी रात्रभर दारात उभीच राहणार. या उत्तरात ड्रायव्हरची झोप, ग्राहकाचा शब्द आणि गाडीचा वेळ तिन्ही सांभाळली गेली.

पुणतांब्याचा एक प्रश्न आम्हाला बाहेर कुठे मिळाला नसता. १ जून २०१७पासूनचा शेतकऱ्यांचा संप या गावातून उठला. तेव्हा दूध आणि भाजीपाल्याच्या गाड्या रस्त्यावर अडवल्या गेल्या, टँकर रिकामे केले गेले. शेठचे नातेवाईक संपात होते आणि गाड्या रस्त्यावर. म्हणून विचारलं, उद्या बंदची हाक आहे आणि आपल्या तीन गाड्या भाजी घेऊन वाटेत आहेत, तर काय कराल? कोणी म्हणालं, पोलीस संरक्षण मागू. कोणी म्हणालं, आडवाटेने काढू. आम्हाला पटलेलं उत्तर होतं: माल ज्याचा आहे त्याला आधी फोन करू, कारण गाडी परत फिरवायची की पंपावर उभी ठेवायची याचा अधिकार मालवाल्याचा आहे. नुकसान कोणाच्या अंगावर, हे रस्त्यावर ठरत नाही, आधीच ठरवून लेखी ठेवावं लागतं.

शेवटचा प्रश्न उमेदवाराने शेठला विचारायचा, असं आम्ही ठरवलं होतं. पगार, सुट्टी, राहण्याची सोय हे सगळ्यांनी विचारलं. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ऊस वाहतूक सांभाळलेल्या एकाने मात्र विचारलं, "मी ज्या ड्रायव्हरला नाही म्हटलंय तो तुमच्या घरी आला, तर तुम्ही काय सांगणार?" शेठ जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सवय लागायला वेळ लागेल." मला हे उत्तर खरं वाटलं.

याच माणसाला आम्ही घेतलं. कागदांच्या प्रश्नात तो मधलाच होता. ई-वे बिलाचा भाग ब त्याने आयुष्यात भरला नव्हता. पण ऊस वाहतुकीत त्याने एक गोष्ट वर्षानुवर्षं केली होती. कारखान्याच्या यार्डात गाड्या कमी पडल्या की गव्हाण रिकामी राहते आणि गाळप थांबतं. जास्त आल्या की रांगेत ऊस वाळतो, वजन घटतं आणि शेतकरी भांडतो. तोडणीच्या टोळ्या, ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि कारखान्याची भूक यांचा मेळ तो दर तासाला घालत आला होता, तोही अशा लोकांकडून ज्यांच्यावर त्याचा कसलाच अधिकार नव्हता. भाग ब आठवड्यात शिकता येतो. हे दुसरं शिकवून येत नाही.

पहिल्या तीन महिन्यांनंतर कामाचं वर्णन पुन्हा काढलं. पोच पावत्यांसाठी त्याने सोपी वाट काढली होती: माल उतरला की ड्रायव्हरने पावतीचा फोटो तिथूनच पाठवायचा आणि मूळ कागद जमा केल्यावरच पुढच्या फेरीचा भत्ता. पावत्या वेळेत येऊ लागल्या. रिकाम्या धावेचा आकडा मात्र फारसा हलला नाही, कारण नागपूरहून इकडे यायला हंगामाबाहेर मालच कमी असतो. तो दोष मॅनेजरचा नव्हता, म्हणून मोजमाप बदललं. आता एकूण रिकामी धाव न पाहता, भाडं हाती असूनही गाडी रिकामी आली का, एवढंच पाहतात.

आणि एक ओळ शेठने स्वतः घातली. ड्रायव्हरचा फोन मालकाकडे आला तर मालकाने उत्तर न देता तो मॅनेजरकडे वळवावा. कामाचं वर्णन मॅनेजरचं, पण ही अट मालकासाठी आहे. दुसऱ्या कुठल्या फर्मने माझ्याकडे असा मसुदा मागितला, तर मी याच ओळीपासून सुरुवात करेन. मालकाला ती मान्य नसेल तर मुलाखती घेण्यात अर्थ नाही.